शेवटच्या शोची प्रिंट

रबरी शिक्का नाही म्हणून मला साडेचार तास बसवून ठेवलं होतं. ही गोष्ट मे २०११ मधली आहे, पण अजून आठवली की डोकं तापतं. कारण त्या साडेचार तासांची किंमत मी रात्री टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये मोजली.

आमची टॉकीज भुसावळहून पॅसेंजरने तासाभराच्या गावात होती. मी तिथे अडतीस वर्षं काढली, आधी मदतनीस, मग ऑपरेटर. मालकांनी जागा विकली, तारीख ठरली, आणि ते म्हणाले, "काका, शेवटचा खेळ तुम्ही सांगाल तो लावू." मी एका जुन्या मराठी सिनेमाचं नाव सांगितलं. १९७३ साली मी मदतनीस म्हणून केबिनमध्ये आलो, तेव्हा पहिल्यांदा हातात धरलेली रिळं त्याच सिनेमाची होती. प्रिंट भुसावळला एका वितरकाच्या गोदामात असल्याचं कळलं. आमच्या भागातल्या टॉकीजना पेट्या भुसावळ-अमरावतीहूनच यायच्या, त्यामुळे ती वाट पायाखालची होती. भाडं ठरलं, पैसे भरले, आणि त्याच दिवशी रात्री ९ चा शो म्हणून मी सकाळच्या गाडीने निघालो.

साडेदहाला गोदामात पोचलो. मालकांचं पत्र दिलं. कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. सही आहे, टॉकीजचा शिक्का नाही. मी म्हटलं, साहेब, पैसे जमा झालेत, पावती ही बघा, फोन लावून विचारा. म्हणाला, शिक्क्याशिवाय पेटी हलणार नाही. पेट्या माझ्यासमोर चार हातांवर होत्या. मालकांना फोन केला, तर ते तहसीलला जागेच्या कागदासाठी गेलेले. ते दुपारी टॉकीजवर परतले, शिक्का मारला आणि सायबर कॅफेतून फॅक्स केला. फॅक्स इकडे आला तेव्हा कारकून जेवायला गेलेला. तो परत आला, मग वहीत नोंद, मग अनामत, मग गेटपास. पेट्या ताब्यात मिळाल्या तेव्हा तीन वाजले होते आणि माझी गाडी पावणेचारला.

कुणी अजूनही फिल्मची प्रिंट कुठून आणणार असेल, तर माझं हात जोडून सांगणं आहे: सही करायच्या आधी प्रत्येक डबा उघडा. प्रत्येक रिळाचं पहिलं आणि शेवटचं पंधरा फूट उलगडून बघा. मी आयुष्यभर हे केलं. त्या दिवशी गाडीच्या भीतीने केलं नाही. चौदा रिळं, पस्तीस किलोच्या आसपास वजन, हमालाबरोबर धावत फलाट गाठला.

सव्वापाचला केबिनमध्ये पहिला डबा उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला. रिळाला लीडर, म्हणजे चित्राआधी जोडलेली कोरी पट्टी, नव्हता. दुसऱ्यालाही नाही. चौदापैकी एकालाही नाही. डोकी कापलेली, शेपट्याही कापलेल्या. कुणीतरी सगळी रिळं एकत्र जोडून प्लॅटरवर, म्हणजे अख्खा सिनेमा एकसलग मावणाऱ्या आडव्या तबकडीवर, चालवली असणार, आणि परत सुटी करताना हाताला येईल तिथे कात्री मारलेली.

ज्यांनी केबिन पाहिली नाही त्यांना सांगतो, याने एवढं काय बिघडतं. आमच्याकडे मशीन दोन होती. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, म्हणून आम्ही दोन-दोन जोडून बावीस मिनिटांची मोठी रिळं करायचो. चौदाची सात झाली. एक मशीन चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून ठेवायचं आणि पहिलं संपत आलं की प्रेक्षकाला कळू न देता बदलायचं. त्यासाठी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा बदल. हे ठिपके रिळाच्या शेपटीवर असतात. शेपटी कापली की ठिपके गेले. आणि लीडर नसेल, तर मोटर वेग घेईपर्यंत मशीनमधून धावायला फिल्मच नाही. सुरुवातीचं चित्रच अंधारात वाया जातं, आवाज रडत रडत वर चढतो.

सात रिळं म्हणजे सहा बदल. चौथ्यानंतर मध्यंतर, म्हणून चालत्या खेळात पाच. पावणेचार तास हातात.

आधी क्रम लावला. लीडरवर लिहिलेले नंबर गेलेले, आणि नऊ-दहाच्या डब्यांत अदलाबदल होती. दिव्यासमोर फ्रेम धरून पाहिलं: नवव्या डब्यात नायिकेच्या हातात बांगड्या नाहीत, दहाव्यात आहेत, आणि बांगड्या फुटतात तो प्रसंग मला पाठ. हे शो सुरू झाल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

मग लीडर. कपाटात जुन्या ट्रेलरच्या टोकांचे काळे तुकडे जपून ठेवले होते, ते कामी आले. फिल्मवर उजेड पडतो त्या गेटपासून खाली, आवाज वाचणाऱ्या साउंड हेडमधून गुंडाळणाऱ्या चक्रीपर्यंत पाचेक फूट आणि चित्राच्या आधी धावायला नऊ-दहा फूट, म्हणजे रिळामागे पंधरा फूट. सात रिळांना एकशे पाच. माझ्या बाकावर फुटाफुटाला रेघा कोरलेल्या होत्या, त्यामुळे मापायला त्रास नव्हता. फुटात सोळा फ्रेम बसतात आणि सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, म्हणजे सेकंदाला दीड फूट. सगळा हिशेब यावरच.

जोड देताना एक लक्षात ठेवा. जुनी प्रिंट सहसा अ‍ॅसिटेटची असते, ती फिल्म सिमेंट नावाच्या द्रावाने जुळते. त्यासाठी एका टोकाची खरखरीत बाजू, जिच्यावर चित्र असतं, ती ब्लेडने पूर्ण खरवडायची. सिमेंट खालची फिल्म विरघळवून एकजीव करतं, वरच्या थराला ते धरत नाही. नंतरच्या पॉलिस्टरच्या प्रिंटवर सिमेंट चालतच नाही, तिथे टेप. ओळखायचं कसं, तर गुंडाळलेलं रीळ कडेने दिव्यासमोर धरा. उजेड आरपार झिरपला तर पॉलिस्टर. आणि जोड बरोबर दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर. फ्रेमला चार भोकं असतात, एका भोकाचा फरक पडला की पडद्यावर पाय वर, डोकं खाली.

माझा भाचा मदतीला होता. तो खरवडत होता, मी जोडत होतो. साडेसातपर्यंत लीडर झाले.

शेपट्यांचं काम मी कुणाला दिलं नाही. शेवटापासून बारा फुटांवर पहिली खूण, दीड फुटावर दुसरी. मधे साडेदहा फूट, म्हणजे सात सेकंद. खरखरीत बाजू आपल्याकडे, चित्र सरळ धरायचं आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात टाचणीने बारीक गोल खरवडायचा, सलग चार फ्रेमवर. एकाच फ्रेमवर केला तर डोळ्याला सापडत नाही. वर-खाली उलटं धरून केलं तर ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात उमटतो आणि तुम्ही वर टक लावून बसता. पाच शेपट्या, दहा खुणा, चाळीस फ्रेम. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. सहाव्या रिळाची शेपटी फाटलेली होती, सात फ्रेम काढाव्या लागल्या. त्या कापताना हात थांबला. त्या सिनेमाची एक फ्रेमही मी आजवर कापली नव्हती.

एक राहिलंच. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती फिल्म आतून सडायला लागली आहे. ती आकसते, दात्यांवर बसत नाही. ती मशीनवर चढवू नका. या प्रिंटला वास नव्हता, एवढं नशीब.

नऊला पाच कमी असताना मशीनच्या दिव्याला कार्बनच्या नव्या कांड्या लावल्या, आर्क पेटवला. खाली बाल्कनीपर्यंत माणसं. ज्यांनी पंधरा वर्षांत टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं तेही आलेले. मी खिडकीतून एकदाच पाहिलं, नंतर नजर फक्त कोपऱ्यावर.

दुसरं मशीन जरा सावकाश वेग पकडायचं, म्हणून त्यावर मी नेहमी चित्राआधी आठ फूट ठेवून फिल्म लावायचो, पहिल्यावर नऊ. पहिला ठिपका चमकला, मोटर दिली, दुसरा चमकला, बदललं. आणि पडदा अर्धा सेकंद काळा. खालून एक शिट्टी आली.

माझं मोजमाप चुकलं नव्हतं. व्होल्टेज पडलेलं होतं. मे महिन्यात आमच्याकडे रात्री तसं होतंच. मोटर आणखी सावकाश उठली, म्हणून चित्र गेटवर यायच्या आत मी बदल केला होता. अर्धा सेकंद म्हणजे पाऊण फूट. पुढच्या रिळाला पहिल्या मशीनवर नऊऐवजी सव्वाआठ फुटांवर लावलं, चौथ्याला दुसऱ्यावर सव्वासात. दोन्ही बदल असे गेले की भाच्याने विचारलं, "मामा, झालं का?"

मध्यंतरात मालक वर चहा घेऊन आले. माझ्या बाकावर बसले, बोलले काहीच नाही. चहा संपवून खाली गेले.

सहाव्यावरून सातव्याचा बदल रडण्याच्या प्रसंगात आहे. नायिका दार लावते आणि बदल होतो. सात फ्रेम गेल्या होत्या, म्हणजे दार पूर्ण लागायच्या आधीच रीळ संपणार, हे मला ठाऊक होतं. मी ठिपक्यावरच बदललं. पडद्यावर दार लागता लागता पुढची खोली आली. खाली कुणी हललं नाही.

पावणेबाराला दिवे लागले. लोक उठेनात. डोअरकीपर मामांनी दारं उघडी टाकली आणि तेही बाकड्यावर बसले. मी आर्क बंद केला. कांड्यांचे तुकडे दीड-दोन बोटं उरले होते, गार होईपर्यंत तिथेच राहू दिले.

मग रिवाइंड. सातही रिळं उलटी गुंडाळली आणि पुन्हा हजार-हजारची केली. गोदामाने प्रिंट जशी दिली तशी परत द्यायची असते, लीडर काढून टाका, असं भाचा म्हणाला. मी काढले नाहीत. प्रत्येकावर नंबर लिहिला. पहिल्या डब्यात चिठ्ठी ठेवली, जशी आम्ही पुढच्या टॉकीजच्या ऑपरेटरसाठी नेहमी ठेवायचो:

"नऊ-दहाचे डबे आता बरोबर आहेत. जोड सिमेंटचे. खुणा हाताने केल्या आहेत, बारीक आहेत, नीट बघा. बाराव्याच्या शेवटी सात फ्रेम कमी, दारावर लवकर बदला."