स्लॅबखालची रेंज

सांगलीत गावभागातलं तीन मजली घर. तळमजल्यावर हळदीच्या व्यापाराचं ऑफिस, पहिल्या मजल्यावर राहणं, दुसऱ्यावर दोन खोल्या. नेटची फायबर लाइन दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत आलेली आणि राउटर लोखंडी कपाटावर ठेवलेला. एवढ्या वर का, हे सांगलीत विचारावं लागत नाही. २०१९ च्या पुरात या घरात छातीपर्यंत पाणी होतं. तेव्हापासून विजेवर चालणारं जे जे उचलून नेता येईल, ते त्यांनी वर नेलं.

तक्रार अशी, की ऑफिसात मोबाइलवर रेंजच्या कांड्या भरलेल्या दिसतात, पण जीएसटीचं पान उघडत नाही. आणि पहिल्या मजल्यावर सूनबाईंचे कॉल तुटतात. काकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ऑफिसात एक रिपीटर लावला होता. कांड्या भरल्या त्या रिपीटरच्या. त्याला स्वतःला वरून जेमतेमच सिग्नल मिळत होता आणि तेवढाच तो मोठ्याने पुढे सांगत होता. भरलेल्या कांड्या आणि मेलेला स्पीड एकत्र दिसले, की मी आधी रिपीटर कुठे लावलाय ते बघतो.

रिपीटर बंद करून मोबाइलवरच्या अॅपने सिग्नलची ताकद मोजत निघालो. हा आकडा उणे असतो. तो −५० च्या आसपास असला तर उत्तम, व्हिडिओ कॉलला −६७ पर्यंत चालतं, −८० च्या पुढे भरवसा नाही. दर दहाला ताकद एक दशांशावर येते. राउटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर −४० मिळाले. बरोबर त्याच्या खाली, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत −७४. ऑफिसात ५ गिगाहर्ट्झचं नावच दिसेना, २.४ वर −८४.

मग जिन्यात आलो. पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर −६६! राउटरपासून हे ठिकाण खालच्या खोलीपेक्षा कितीतरी लांब. काका म्हणाले, "आवो, अंतर वाढलं तर रेंज कशी वाढली?" मी त्यांना वर बघायला सांगितलं. जिन्यात मधे स्लॅब नाही, मोकळी पोकळी आहे. लाटा दारातून बाहेर पडून तिथून खाली उतरत होत्या.

स्लॅब पाच इंचाचा, आत दोन्ही दिशांना साधारण सहा इंचांवर सळ्या. २.४ ची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आतबाहेर. म्हणजे जाळीच्या भोकांतून थोडंफार निसटतं, स्लॅब म्हणजे पूर्ण बंद डबा नाही. पण काँक्रीट स्वतःही लाटा शोषतं, ५ च्या जास्त. आणि बीमजवळ जाड सळ्या आणि त्यांवरच्या रिंगा एवढ्या दाट असतात, की तिथे फार काही उरत नाही. त्यात राउटरचे सगळे अँटेना ताठ उभे. उभा अँटेना ताकद आडवी, चहूबाजूंना फेकतो. त्याच्या टोकाच्या सरळ रेषेत, म्हणजे बरोबर खाली, सर्वांत कमी. एक अँटेना आडवा केला, राउटर कपाटावरून भिंतीवर घेतला. खालच्या खोलीत −७४ चे −६९ झाले. बरं झालं, पण स्लॅब ओलांडायला तेवढं पुरेसं नव्हतं.

राउटर तळमजल्यावर आणायला काका तयार होईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. फायबर हलवायची तर पुन्हा जोडणी करावी लागणार. म्हणून वरचं वरच ठेवून जिन्याच्या पोकळीतून केसिंग पट्टीत कॅट-सिक्स केबल खाली सोडली. विजेच्या पाइपातून नाही, वेगळी. तळमजला आणि पहिला मजला यांच्यामधल्या लँडिंगवर, डोक्याएवढ्या उंचीवर दुसरा राउटर लावला. पुराच्या पाण्याची खूण काकांनी दाखवली. राउटर तिच्या बराच वर येत होता.

दुसऱ्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 केला, त्यातलं DHCP, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरना पत्ते वाटायचं काम, बंद केलं आणि केबल त्याच्या WAN, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या खाचेत न घालता LAN मध्ये लावली. नाव आणि पासवर्ड वरच्यासारखेच ठेवले, म्हणजे चढता-उतरताना मोबाइल आपला आपण राउटर बदलेल. २.४ वर एकाला १ नंबरचा चॅनेल, दुसऱ्याला ६.

दार उघडं ठेवून ऑफिसात ५ वर −६१ आले. सूनबाईंच्या टेबलावर −५८. जीएसटीचं पान काकांनी स्वतः उघडून बघितलं.

मागच्या स्वयंपाकघरात मात्र ५ पोचलं नाही. मधे बीम आणि पाण्याची टाकी. तिथे २.४ वर −७४ मिळतात, निरोप-फोटोला चालतं, कॉलला नाही. हे त्यांना आधीच सांगितलं. तिथेही हवं असेल तर रिपीटर नको, त्याच लँडिंगवरून आणखी एक केबल नेऊ, असं ठरलंय. रंगकाम दिवाळीआधी आहे, पट्टी तेव्हाच ठोकायची.