रिव्हर्सची तिरकी रेघ : डायोडचा आलेख तपासून घेताना

जर्नलमधले बाकीचे प्रयोग कसे तपासून झाले ते आता आठवतही नाही. डायोडचा तेवढा आठवतो, कारण तोच सारखा परत येत होता. आलेखाच्या डाव्या बाजूला खाली सरांनी लाल पेनाने गोल केला होता आणि शेजारी एकच शब्द लिहिला होता: 'का?'

डायोड ४००७ क्रमांकाचा, साधा सिलिकॉनचा. फॉरवर्डची बाजू सरांनी जेमतेम दोन नजरांत पार केली. नजरा कुठे पडल्या ते मात्र मी बघून ठेवलं. त्यांनी आलेख बघितलाच नाही. तक्त्यातलं १ मिलिअँपिअरचं आणि १० मिलिअँपिअरचं व्होल्टेज बघितलं. माझं ०.६० आणि ०.७०, म्हणजे फरक ०.१० व्होल्ट. माझ्या पुढच्याचं ०.६८ आणि ०.७० होतं. त्याला तिथल्या तिथे विचारलं, "हे कुठून उतरवलंस?" करंट दहापट व्हायला सिलिकॉन डायोडला खोलीच्या तापमानाला साधारण ०.०६ ते ०.१२ व्होल्ट जास्त लागतात. ०.०२ मध्ये दहापट होतच नाही. वक्र दिसायला कितीही सुबक असला तरी हे दोन आकडे खोटं लपू देत नाहीत. जर्नल द्यायच्या आधी ही वजाबाकी स्वतः करून बघा.

माझं घोडं अडलं रिव्हर्समध्ये. माझी रीडिंग अशी होती: २ व्होल्टला ०.२ मायक्रोअँपिअर, ५ ला ०.५, १० ला १.०, १५ ला १.५. ती प्रामाणिकपणे घेतली होती, डिजिटल मीटरवर दिसली तशीच लिहिली होती. आलेखात आरंभबिंदूपासून खाली जाणारी छान सरळ तिरकी रेघ आली. सर म्हणाले, "सिलिकॉनचा डायोड ना हा? मग रिव्हर्समध्ये एवढा करंट आला कुठून?" मी म्हणालो, "सर, मीटरवर तेवढाच दिसतोय." ते म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही, पण कशाबद्दल बोलतंय ते बघ." आणि जर्नल माझ्या हातात.

खरं सांगतो, तेव्हा डोकंच फिरलं. ज्यांनी जुन्या जर्नलमधून सपाट रेघ उतरवली होती त्यांच्या रिव्हर्सवर सही, आणि मी टेबलाशी उभं राहून मोजलं तर मला गोल! एक-दोघांनी सल्ला दिला, "खोडून सपाट काढ, मोकळा हो." तेवढं मात्र करायचं नाही असं ठरवलं. डायोड बदलून बघितला, रीडिंग तीच. तिसरा लावला, तरी तीच. कंटाळून मी डायोड उपटून काढला आणि सप्लाय मात्र तसाच चालू राहिला. मायक्रोअँमीटरवर १.० तसाच! व्होल्टमीटरवर १० व्होल्ट, डायोड माझ्या हातात, आणि 'डायोडचा करंट' अजून वाहतोय.

इथे कोडं सुटलं. टेबलावर चिकटवलेल्या आकृतीत फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्हींसाठी एकच जोडणी होती: व्होल्टमीटर थेट डायोडच्या दोन टोकांना आणि अँमीटर त्याच्या अलीकडे. म्हणजे अँमीटरमधून जाणारा करंट पुढे दोन वाटांनी जातो, एक डायोडमधून आणि दुसरी व्होल्टमीटरमधून. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध व्होल्टेज मोजताना बहुतेक १० मेगाओहम असतो. १० व्होल्टला १० मेगाओहमने भागा. बरोबर १ मायक्रोअँपिअर. १५ व्होल्टला दीड. माझी तिरकी रेघ म्हणजे व्होल्टमीटरचा ओहमचा नियम होता, तोही अगदी नीटनेटका काढलेला. व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंट नेमका दुप्पट होत असेल, तर ते रोधाचं लक्षण. डायोडचा रिव्हर्स करंट थोडा वाढतो, पण असा मापात वाढत नाही.

आणि डायोडचा खरा करंट? या डायोडच्या माहितीपत्रकात रिव्हर्स करंटची कमाल मर्यादा ५ किंवा १० मायक्रोअँपिअर लिहिलेली असते, पण ती पूर्ण १००० व्होल्टला. दहा-पंधरा व्होल्टला प्रत्यक्षातला करंट नॅनोअँपिअरमध्ये असतो. व्होल्टमीटर त्याच्या शंभर-शंभर पट पीत होता, त्यात तो दिसणार कसा?

उपाय एका वायरीचा आहे. रिव्हर्ससाठी व्होल्टमीटरचं डायोडकडचं एक टोक काढून अँमीटरच्या अलीकडे लावायचं, म्हणजे तो अँमीटर आणि डायोड दोघांवर मिळून बसतो. आता अँमीटरमधून फक्त डायोडचाच करंट जातो. व्होल्टमीटर अँमीटरवरचं व्होल्टेजही मोजतो हे खरं, पण इतक्या कमी करंटला ते मिलिव्होल्टच्याही आत असतं, १० व्होल्टपुढे नगण्य. तसं केल्यावर मीटर ०.० वर आला. ०.१ च्या खाली तो मीटर दाखवतच नाही, म्हणून तक्त्यात शून्य न लिहिता '०.१ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी' असं लिहिलं आणि रेघ अक्षाला चिकटवून काढली. खाली दोन्ही जोडण्यांच्या आकृत्या काढल्या, डायोड काढून घेतलेलं रीडिंगही लिहिलं. सरांनी वाचलं, लाल गोलावर बरोबरची खूण केली आणि सही केली. शाबासकी वगैरे काही नाही. पण मी ते पान बरेच दिवस लोकांना दाखवत फिरत होतो.

ही जोडणी फॉरवर्डला मात्र ठेवू नका. तिथे गणित उलटं होतं. मिलिअँपिअरच्या रेंजवर अँमीटरचा रोध १० ओहम असेल, तर १० मिलिअँपिअरला त्याच्यावरच ०.१ व्होल्ट पडतात आणि ०.७० चं ०.८० होतं. फॉरवर्डला व्होल्टमीटर थेट डायोडवरच हवा. तो खातो तो करंट तिथे मिलिअँपिअरपुढे कुणाच्या खिजगणतीतही नसतो. म्हणजे आकृत्या दोन हव्यात, आणि आमच्या टेबलावर होती एक. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, कारण पुढच्या बॅचलाही तोच कागद होता.

काट्याचे मीटर असतील तर ही गडबड आणखी ठळक दिसते. दर व्होल्टला १००० ओहमचा, ३० व्होल्टपर्यंतचा व्होल्टमीटर म्हणजे ३० किलोओहम. १५ व्होल्टला तो एकटाच ५०० मायक्रोअँपिअर घेतो. १०० पर्यंतच्या मायक्रोअँमीटरचा काटा तिथे टोकाला आपटेल, म्हणून काटा लांब उडाला तर आधी डायोड जळाला असं समजून फेकू नका, व्होल्टमीटरची वायर बघा.

एक राहिलंच. दोन्ही बाजूंचं स्केल वेगळं लिहायचं. उजवीकडे ०.१ व्होल्टला एक सेंटिमीटर आणि मिलिअँपिअर, डावीकडे २ व्होल्टला एक सेंटिमीटर आणि मायक्रोअँपिअर. आरंभबिंदूशी रेघ एकदम मोडल्यासारखी दिसते ती या बदललेल्या स्केलमुळे. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

आणि तुम्हाला जर्मेनियमचा डायोड मिळाला असेल तर माझं बघून रेघ अक्षाला चिकटवू नका. त्याचा रिव्हर्स करंट खरोखरच मायक्रोअँपिअरमध्ये असतो. डायोड काढून एकदा रीडिंग घ्या. काढल्यावर जो आकडा घटेल, तेवढा त्याचा.