तुम्ही विचारलंत म्हणून: तीन ठिकाणी दिसणारी एकच फाइल

«ताई, माझं सगळं लॅपटॉपवर आहे, ड्राइव्हवर आहे, मोबाईलवरही दिसतं. तीन ठिकाणी झालं की! मग वेगळा बॅकअप कशाला?»

२०२२च्या जूनपर्यंत मीही असंच मोजत होते. मी डीटीपीची कामं करते. वर्षभर पुस्तकं, पत्रिका, अहवाल, आणि जुलै ते ऑक्टोबर दोन दिवाळी अंक. त्यातल्या एकाचं २०२१चं फोल्डर ३८ जीबीचं होतं. लावलेली पानं, चित्रकारांकडून आलेली मूळ चित्रं, मुखपृष्ठाचे नाकारलेले सहा नमुने, सगळं त्यात. फेब्रुवारीत लॅपटॉपची डिस्क भरली. अंक विकून झालेला, फोल्डर वर क्लाउडवर आहेच, मग इथे कशाला जागा अडवायची? म्हणून मी ते लॅपटॉपवरून डिलीट केलं आणि मोकळी झालेली जागा बघून खूशही झाले. इथून काढलं तर सगळीकडून जाईल, असं सांगणारी चौकट सिंकचा प्रोग्रॅम, म्हणजे लॅपटॉपवरचं आणि क्लाउडवरचं फोल्डर सतत सारखं ठेवणारा, दाखवायचा म्हणे. पण «पुन्हा विचारू नका» या चौकोनात मी कधीतरी टिचकी मारून ठेवली होती.

जूनमध्ये संपादकांचा फोन आला. त्या अंकातल्या एका लेखमालेचं पुस्तक करायचं होतं, चित्रं हवी होती. ऑनलाइन गेले तर फोल्डर नाही. कचरापेटी उघडली, तीही रिकामी. तिची मुदत ३० दिवसांची, आणि मला उलटले होते चार महिने.

हे बिघाडाने झालेलं नव्हतं. सिंकचा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलची नोंद स्वतःच्या वहीत ठेवतो: नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ, आणि आतल्या मजकुरावरून काढलेला एक ठसा. मग डिस्क आणि वही तो सतत ताडून बघतो. वहीत आहे पण डिस्कवर नाही, अशी फाइल दिसली की त्याच्या लेखी मालकाने ती काढलेली असते. जागा करायला काढली, चुकून काढली की नातवाने काढली, हे त्याला कळायला मार्ग नाही. काढणं हा त्याच्यासाठी दुरुस्तीसारखाच एक बदल. तो सर्व्हरला कळवला जातो, आणि बाकीची यंत्रं सर्व्हरला विचारतात, «मागच्या वेळेनंतर काय बदललं?» उत्तरात तुमचं डिलीटही येतं. म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

मग मला आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप आठवला. तो जानेवारीपासून बंद होता, म्हणजे मी फोल्डर काढण्याच्या आधीपासून. त्यात सगळं असणारच! धावत जाऊन बटण दाबलं. फोल्डर उघडलं तर खरंच, सगळी चित्रं जागेवर. हुश्श करून पेन ड्राइव्ह आणायला बाहेर गेले. परत येते तो खिडकीतली यादी आखूड झालेली. माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक ओळ गेली, मग चार एकदम. यंत्र सुरू झालं, वायफाय लागलं, आणि सिंकने पहिलं काम केलं ते पाच महिन्यांचे राहिलेले बदल उरकण्याचं.

मी भिंतीतला प्लगच उपटला. तेव्हा तेच सुचलं, आणि तेच बरं झालं. कुठलंही जुनं यंत्र या आशेने चालू करणार असाल, तर आधी राउटर बंद करा किंवा नेटची केबल काढा. काही प्रोग्रॅम असं काढलेलं रिसायकल बिनमध्ये किंवा स्वतःच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये काही दिवस ठेवतात, तिथे बघावं. माझ्या नशिबी तेही नव्हतं. एका ओळखीच्या मुलाने ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं. सहाशेच्या आसपास चित्रं परत आली, पण `f0482176.jpg` अशा नावांनी. कुठलं चित्र कुठल्या लेखाचं, हे एकेक उघडून ठरवत बसले. लावलेली पानं गेली ती गेलीच. छापखान्याला पाठवलेली पीडीएफ त्यांच्याकडे शिल्लक होती, तिच्यावरून पुस्तकाची पानं नव्याने लावली.

डिलीटचं निदान दिसतं तरी. फाइल बिघडते तेव्हा तिचं नाव, चित्र, आकार सगळं जागेवर असतं, म्हणून ते प्रकरण जास्त वाईट. त्याचा धडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाला. आता मी शहाणी झाले होते ना! जूनमध्येच बाहेरची हार्ड डिस्क आणून सगळं तिच्यावर उतरवलं होतं. ऑगस्टमध्ये अंकाची वर्गणीदारांची यादी उघडायला घेतली. ही एक्सेल फाइल वर्षातून एकदा, अंकाच्या मोसमात उघडते. फाइल खराब आहे, उघडता येत नाही, असं यंत्र म्हणालं. क्लाउडवरची तशीच. मोबाईलवरची तशीच. जूनच्या हार्ड डिस्कवरचीसुद्धा तशीच. आकार सगळीकडे ४१२ केबी, अगदी बरोबर.

त्याच मुलाने ती फाइल आतून दाखवली. सगळे बाइट शून्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आधीच्या नोव्हेंबरमध्ये शेवटचे पत्ते भरून सेव्ह करत असताना लाइट गेले होते आणि यूपीएसची बॅटरी बसलेली होती. विंडोजची डिस्क स्वतःची हिशेबवही जपते: कुठली फाइल, किती लांबीची, कुठे ठेवली. ती नोंद पक्की झाली, पण आतला मजकूर डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली. उरली ती योग्य लांबीची रिकामी फाइल. लाइट आल्यावर सिंकने पाहिलं: वेळ बदलली, ठसा बदलला, म्हणजे नवी आवृत्ती. तिने वरची चांगली प्रत बदलली, मग बाकी यंत्रांवरची.

जुन्या आवृत्त्या ठेवतात की, असं तुम्ही म्हणाल. ठेवतात, पण मुदतीने. गूगल ड्राइव्हवर तुम्ही चढवलेल्या फाइलची जुनी आवृत्ती ३० दिवसांनी, किंवा नव्या १०० आवृत्त्या झाल्यावर, काढली जाऊ शकते. कायम ठेवायची तर त्या आवृत्तीवर जाऊन तसं सांगावं लागतं. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात मुदत ३० दिवसच आहे. रोज उघडणाऱ्या फाइलला हे पुरतं, कारण बिघाड दुसऱ्या दिवशीच कळतो. नोव्हेंबरमध्ये बिघडून ऑगस्टमध्ये उघडणाऱ्या फाइलला नाही. माझ्या जूनच्या प्रतीनेही तेवढ्यासाठीच दगा दिला. प्रत वेगळी होती, डिस्क वेगळी होती, पण उतरवली ती बिघडल्यानंतर.

यादी शेवटी सापडली ती मेलमध्ये. २०१९ साली व्यवस्थापकांना मी ती अटॅचमेंट म्हणून पाठवली होती. मधल्या दोन वर्षांचे पत्ते पोस्टाच्या पावत्यांवरून भरले. छापखान्यातली पीडीएफ आणि मेलमधली अटॅचमेंट, दोन्ही वाचल्या, कारण माझ्या फोल्डरमध्ये नंतर काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

न्यायाचं बोलायचं तर एका बाबतीत सिंक उपयोगी पडतं. डिस्क जुनी होऊन एखादी फाइल आपोआप सडली, तर बदलाची वेळ बदलत नाही, म्हणून बरेच प्रोग्रॅम तिकडे बघत नाहीत आणि वरची प्रत चांगली राहते. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, तरीही सिंक आहे तर बरंच आहे. मी ते बंद केलेलं नाही.

तुमच्या तीन ठिकाणांची मोजणीही एकदा तपासा. मोबाईलवर बहुधा फक्त यादी असते, टिचकी मारली की फाइल वरून येते. लॅपटॉपवर नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर तिथेही फाइल नाही, तिची पाटी आहे. गूगल डॉक्सचे लेख तर `.gdoc` नावाने दिसतात आणि त्यांच्यात नुसता पत्ता असतो. असं फोल्डर डिस्कवर उतरवून मजकूर मिळत नाही, तो वर्ड किंवा पीडीएफ करून वेगळा उतरवावा लागतो.

आता मी काय करते ते सांगते. दर शनिवारी बाहेरची डिस्क जोडते, त्या तारखेच्या नव्या फोल्डरात सगळं उतरवते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. आज्ञा एवढीच:

```
robocopy D:\Ank E:\2025-08-02\Ank /E
```

यातल्या `/E` ऐवजी `/MIR` लिहिण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. ते आणि तारखेशिवायचं एकच फोल्डर एकत्र आलं, की मूळ जागी नसलेलं ते डिस्कवरूनही पुसतं, म्हणजे माझं फेब्रुवारीचंच नाटक केबल लावून पुन्हा. माझा सगळा पसारा ९० जीबीचा, डिस्क २ टीबीची, वीसेक प्रती मावतात. जागा संपत आली की मधल्या आठवड्यांच्या प्रती काढते, पण महिन्याला एक अशा १४ महिन्यांच्या ठेवतेच. १४ का, तर वर्गणीदारांची यादी वर्षाने उघडते, त्याच्या पुढे दोन महिने हाताशी असावेत म्हणून. तुमच्याकडे सर्वांत जास्त काळ न उघडता पडून राहणारी महत्त्वाची फाइल कुठली, ते बघा, आणि त्यावरून तुमचा आकडा ठरवा. दुसरी डिस्क बहिणीकडे असते, सणावाराला गेले की अदलाबदल.

आणि उतरवल्यावर दोनचार फाइली डिस्कवरून उघडून बघते. उघडण्याचा कंटाळा असेल तर नोटपॅडमध्ये ओढा: चांगल्या वर्ड किंवा एक्सेल फाइलची (`.docx`, `.xlsx`) सुरुवात `PK` या दोन अक्षरांनी होते, पीडीएफची `%PDF` ने. त्यांच्या जागी नुसती कोरी जागा दिसली, तर लगेच मागच्या महिन्याच्या फोल्डरात जाऊन तीच फाइल बघायची. गेल्या मार्चमध्ये एका लग्नपत्रिकेच्या बाबतीत तसं झालं. फेब्रुवारीच्या प्रतीत ती धडधाकट होती, पाच मिनिटांत काम झालं, आणि मुलीच्या वडिलांना काही कळलंही नाही.