‘कल’ या एका शब्दापाशी अडलेला दिवस

उर्दूतून मराठीत अनुवाद करणे हे माझे काम आहे. गेल्या महिन्यात हाती आलेल्या कथेतील शिंपी ईदच्या आधी सात कुर्ते पुरे करण्यासाठी झटत असतो. रमजानचा महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही यावर ठरते, आणि या शिंप्याने सगळा हिशेब तीस रोज्यांचा धरलेला आहे. कथेत हे कुठेच सांगितलेले नाही. मशिनीशेजारच्या सातही कुर्त्यांचे ‘दामन’ अजून उघडे आहेत, एवढेच लिहिले आहे.

उर्दू कवितेतला दामन मराठीत बहुधा ‘पदर’ होतो, म्हणून मीही सवयीने पदर लिहिला होता. शंका आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या चाचांकडे गेलो. त्यांनी हातातला कुर्ता उलटा करून त्याची खालची कड दाखवली आणि सांगितले, की काम तुंबले की शिंपी एकेक कपडा पुरा करीत नाही. आधी सगळ्यांवर मशिनीची टीप मारून घेतो, आणि काजे, बटणे व खालच्या कडेची तुरपाई ही हाताची कामे शेवटच्या रात्रीसाठी ठेवतो. दामन उघडे आहेत याचा अर्थ त्याच्या मते ती रात्र अजून यायची आहे. त्या एका वाक्यात कथेचा सगळा पेच होता आणि माझ्या पदराने तो झाकून टाकला होता.

संपादकांनी ‘चांदरात’ काढून ‘ईदची पूर्वसंध्या’ घातले, ते मला अजिबात पटलेले नाही. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळीच चंद्र दिसला त्या क्षणी ईदची तारीख लागली, आणि शिंप्याच्या हातून पूर्ण एक दिवस गेला. पूर्वसंध्या म्हटले की तो दिवस वाचकाच्या मनात शिल्लकच राहतो.

खरी अडचण शेवटच्या ओळीची आहे. चांदरातीला एक मुलगा कपडे न्यायला दारात येतो आणि कोणीतरी म्हणते, ‘वादा तो कल का था.’ कोण म्हणते, ते लेखकाने लिहिलेले नाही. शिंपी म्हणत असेल तर वायदा ‘उद्याचा’ होता. मुलगा म्हणत असेल तर ‘कालचा’. उर्दूत दोन्हींना ‘कल’ हा एकच शब्द असल्याने दोघेही त्या ओळीत उभे राहू शकतात, मराठीत मात्र एकाला बाहेर काढावे लागते. चाचांना विचारले तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “शिंपीच बोलला असणार. मुलाला कुठे ठाऊक, वायदा कधीचा होता ते?” मी ‘उद्याचा’ लिहून मजकूर पाठवला. छपाईला अजून आठ दिवस आहेत, आणि त्या ओळीवरची माझी पेन्सिलीची खूण मी पुसलेली नाही.