तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटचे शब्द वाचून पाहा

“ईमेलमध्ये कामांची यादी देताना तुम्ही प्रत्येक मुद्दा एकाच साच्यात का बसवता? कसंही लिहिलं तरी अर्थ कळतोच ना?”

कळतो, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. मग एका कार्यशाळेच्या तयारीची बैठक झाली आणि त्या संध्याकाळी मी सगळ्यांना ही यादी पाठवली:

• हॉलचं बुकिंग
• सहभागींची यादी शुक्रवारपर्यंत पाठवा
• अकाउंट्सने आगाऊ रकमेला मंजुरी देणे
• वक्त्यांना पत्र गेलं का?
• प्रोजेक्टर तपासला जाईल
• छापील साहित्य मागच्या वेळी कमी पडलं होतं

सुटी सुटी वाचली तर यातली एकही ओळ चुकीची नाही. घोटाळा झाला तो पहिल्याच ओळीचा. हॉल बुक करायचा आहे, असं माझ्या मनात होतं. प्रशासनातल्या सहकाऱ्यांनी ते झालेलं काम समजलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं: खाली ‘पाठवा’, ‘देणे’ अशी सरळ सांगितलेली कामं होती आणि इथे क्रियापदच नव्हतं, म्हणजे ही नुसती नोंद असणार. प्रोजेक्टरची ओळ सगळ्यांनी वाचली आणि कोणीच तो तपासला नाही, कारण ‘तपासला जाईल’ या वाक्यात तपासणारा कुठेच दिसत नाही.

यादी वाचणारा माणूस परिच्छेद वाचल्यासारखी ती वाचत नाही. पहिल्या दोन-तीन ओळींवरून तो साचा पकडतो आणि पुढे नजर फक्त बदलणाऱ्या भागावर टाकतो: कोण, काय, कधी. साचा मोडला की तो थांबतो आणि या बदलाला काही अर्थ असेल असं धरून चालतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र तसं काहीच नसतं. माझ्या यादीतल्या सहा ओळींना सहा वेगळी रूपं होती, म्हणजे सहा वेळा अंदाज बांधायची वेळ मी वाचणाऱ्यावर आणली होती.

मराठीत यात आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं. डाव्या कडेने नजर खाली नेली तर नावं आणि वस्तू दिसतात. काम करायचं आहे, झालं आहे की नुसतं विचारलं आहे, हे उजव्या टोकाला ठरतं. म्हणून मी पाठवण्याआधी प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द वरून खाली वाचते. वरच्या यादीत ते असे येतात: बुकिंग, पाठवा, देणे, का, जाईल, होतं. एवढं वाचलं की यादी बिघडली आहे हे लगेच कळतं.

मग कोणतं रूप घ्यायचं? यावर मी बराच काळ घालवला आहे. ‘पाठवा’, ‘तपासा’ ही आज्ञार्थी रूपं छान आटोपशीर असतात, पण ती एकाच माणसाला लिहिलेल्या ईमेलमध्ये शोभतात. यादी अनेकांना गेली की ‘पाठवा’ म्हणजे नेमकं कोणी, हा प्रश्न उरतो.

दुसरं रूप ‘-ावा’चं. ‘प्रशासनाने हॉल बुक करावा’, ‘अकाउंट्सने रक्कम मंजूर करावी’, ‘समन्वयकांनी पत्र पाठवावं’. इथे करावा, करावी, पाठवावं असे शेवट बदलतात म्हणून काही जण बिचकतात. बिचकायचं कारण नाही, साचा एकच आहे. कर्माच्या लिंगाप्रमाणे रूप बदलतं एवढंच. कर्ता स्पष्ट, सूर सौम्य. मी पुष्कळ दिवस हेच वापरत होते. ते अडतं एकाच ठिकाणी, पण तिथे चांगलंच अडतं: यादीत स्वतःचं काम असलं की. ‘मी वक्त्यांना पत्र पाठवावं’ हे वाचून मी परवानगी मागते आहे असंच वाटतं. आणि बैठकीनंतरच्या यादीत लिहिणाऱ्याचं एखादं काम असतंच.

म्हणून मी आता ‘-णे’वर स्थिरावले आहे, आधी नाव आणि कोलन टाकून. ‘-णे’ लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, ‘मी’लाही चालतं आणि ‘अकाउंट्स’लाही. त्याचा दोष असा की ते कार्यालयीन आदेशासारखं कोरडं वाटतं आणि एकटं सोडलं तर कर्ता गिळून टाकतं. कर्त्याची सोय कोलनाआधीच्या नावाने होते, सौजन्याची यादीआधीच्या वाक्याने. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: एका ओळीत ‘पाठवणे’ आणि दुसरीत ‘पाठवणं’ नको.

तीच यादी नंतर अशी झाली:

बैठकीत ठरल्याप्रमाणे पुढील कामं आपापल्याकडे घ्यावीत, ही विनंती:
• प्रशासन: बुधवारपर्यंत हॉल बुक करणे
• अकाउंट्स: गुरुवारपर्यंत आगाऊ रक्कम मंजूर करणे
• समन्वयक: शुक्रवारपर्यंत सहभागींची यादी पाठवणे
• आयटी: शुक्रवारपर्यंत हॉलमधला प्रोजेक्टर तपासणे

नाव, मुदत, वस्तू, क्रियापद. हा क्रम चारही ओळींत तोच आहे. ‘मंजुरी देणे’ऐवजी ‘रक्कम मंजूर करणे’ केलं, कारण इतर ओळींत वस्तूवर थेट क्रिया होते आणि इथेच मध्ये ‘मंजुरी’ हे नाम येऊन बसलं होतं. तारखा लिहीत गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: मूळ यादीत मुदत फक्त एकाच कामाला होती. मोकळी जागा साच्यात डोळ्यांवर येते, विस्कळीत यादीत ती लपते.

मूळ सहापैकी दोन मुद्दे इथे नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच दोघांनी. ‘वक्त्यांना पत्र गेलं का?’ हे साच्यात बसेना, कारण ते काम नव्हतंच, तो प्रश्न होता. त्याला ‘वक्त्यांच्या पत्राबाबत खात्री करून घेणे’ असं ओढूनताणून बसवता आलं असतं. तसं करू नये. शेवट जुळतो, पण कोणाला नक्की काय करायचं हे पुन्हा धूसर होतं. मी तो प्रश्न यादीखाली, ज्यांना विचारायचा होता त्यांच्या नावाने, वेगळ्या वाक्यात लिहिला. एखादी ओळ साच्यात जाईना, तर मी आता आधी ओळीकडे संशयाने बघते. बहुतेक वेळा ती माहिती असते, तक्रार असते किंवा प्रश्न असतो, आणि तिची जागा यादीबाहेर असते.

छापील साहित्याचं तसं नव्हतं. तिथे काम होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. मी ‘छपाई:’ असं लिहिलं आणि अडले. किती प्रती छापायच्या? मजकूर अंतिम कोण करणार? बैठकीत आम्ही दहा मिनिटं मागच्या वेळच्या तुटवड्याबद्दल बोललो होतो आणि काहीही न ठरवता पुढच्या विषयावर गेलो होतो. जुन्या ओळीतल्या ‘कमी पडलं होतं’ने ते झाकून टाकलं होतं, क्रियापद भूतकाळात होतं, त्यामुळे पुढचं काम कोणाचं, हे कोणी विचारलंच नाही. मी ती ओळ यादीतून काढली, दोघा संबंधितांना फोन करून आकडा आणि जबाबदारी ठरवून घेतली, आणि पाचवी ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवली.