फ्लशच्या टाकीतलं गरम पाणी

"फ्लशच्या टाकीत गरम पाणी येतंय असं आई म्हणते. तिला भास होतोय बहुतेक, पण तेवढं एकदा बघून जा." बावधनच्या एका नव्या फ्लॅटमधून असा फोन आला. आजी गावाहून पहिल्यांदाच मुलाच्या घरी आल्या होत्या.

मी गेलो, तेव्हा त्यांनी मला हात धरूनच बाथरूममध्ये नेलं. "हात लाव बाळा, टाकीला." लावला. टाकी खरंच कोमट होती. टाकीला येणारा पाइपही गरम लागत होता, आणि तो तर गार पाण्याचा.

म्हणजे गरम पाणी कुठून तरी गारच्या लाइनीत शिरत होतं. या दोन लाइनी बाथरूममध्ये एकाच जागी भेटतात, ती म्हणजे शॉवरचा मिक्सर. तिथे एकच दांडा असतो. तो वर उचलला की पाणी सुरू, खाली दाबला की बंद. डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे गार. दांडा वरच होता, पण पाणी कुठूनच येत नव्हतं.

"आजी, आंघोळ झाल्यावर पाणी कसं बंद केलंत?"

"हा कान किती पिळला, पाणी थांबंचना. कधी चटका, कधी गार. मग ह्या फवाऱ्याचं बटण दाबलं, थांबलं बाबा एकदाचं."

गावातला नळ पिळला की बंद होतो, म्हणून त्या दांडा फिरवत राहिल्या. फिरवण्याने फक्त गरम-गार बदलतं, पाणी थांबत नाही. हातातल्या शॉवरचं बटण दाबल्यावर बाहेरची वाट बंद झाली, पण आत मिक्सर उघडाच राहिला. फ्लश केल्यावर टाकी भरायला गारच्या लाइनीतून पाणी ओढलं जातं, तिथला दाब उतरतो आणि उघड्या मिक्सरमधून गरम पाणी तिकडे वळतं.

खात्री करायला मी दांडा दाबला आणि तीनदा फ्लश केला. पाइप गार पडला. दांडा पुन्हा उचलून फ्लश केला, तर थोड्या वेळात पाइप परत गरम. मुलालाही हात लावायला सांगितलं. त्याने लावला आणि आईकडे बघितलं.

एरवी यावर दोन्ही लाइनींना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बसवतात. इथे पाइप भिंतीत होते, नवी टाइल फोडावी लागली असती. मी बटणाचा शॉवर काढून साधा बसवला. बटणाने पाणी अडवलं की नळीवर सतत दाब राहतो, नळी फुटायची भीती ती वेगळीच.

मग दांडा आजींच्या हातात दिला. उचला, दाबा. ओल्या हाताने चार-पाच वेळा करून पाहिलं त्यांनी. निघताना फ्लश करून, थोडं थांबून पाइपला हात लावला.

"आता गार हाय," म्हणाल्या.