फिल्म क्लबचा खेळ गावासाठी खुला करताना: माझा अनुभव

आमच्या शाळेतला फिल्म क्लब मी चालवते. एरवी त्यासाठी कुणाकडे कागद घेऊन जावं लागत नाही. वर्ग संपले, खिडक्यांना काळे पडदे लावले, प्रोजेक्टर सुरू केला की खेळ सुरू. ही सवलत कायद्यातच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(j): शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं. या ओळीची प्रत फाइलमध्ये लावून ठेवा. दर वर्षी कुणीतरी नवीन पदाधिकारी विचारतातच.

माझं घोडं अडलं ते वार्षिक खेळ सगळ्यांसाठी खुला करायचा ठरला तेव्हा. आजूबाजूची माणसं, माजी विद्यार्थी, ज्याला यायचंय तो. सगळ्यांचं पहिलं म्हणणं, "तिकीट नाही ना? मग कसली परवानगी!" नाटकाच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे नाटक किंवा संगीत सादर केलं तर त्याच कलमात वेगळी सूट आहे. पण ती साहित्य, नाट्य आणि संगीतकृतींना आहे, चित्रपटाला नाही. प्रेक्षकांत बाहेरची माणसं आली की शाळेची सवलत संपते, मग तुम्ही एक रुपयाही घेऊ नका.

दुसरं म्हणणं मुख्याध्यापिका मॅडमचं: "सेन्सॉर सर्टिफिकेट आहे की चित्रपटाला." आहे, आणि ते लागतंच, कारण सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र हवं. पण ते फक्त सांगतं की चित्रपट कुणाला दाखवण्याजोगा आहे. तो दाखवायचा हक्क तुम्हाला आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी शाळेत, मंडळात आणि चक्क एका वितरकाच्या कार्यालयातसुद्धा पाहिली.

तर हक्क कुणाकडे? इथेच मी किती काळ अडकले, ते आठवलं की अजून डोकं तापतं. चित्रपट नव्वदच्या दशकातला, मराठी, मुलांचा. माझ्याकडे रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी होती. त्या वेष्टनावरच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं: आमच्याकडे फक्त होम व्हिडिओचे हक्क होते, तेही संपले. मग चित्रपट ज्या वाहिनीवर लागतो तिला विचारलं. तिथे उपग्रह आणि डिजिटल हक्कांचा करार, शाळेतल्या पडद्याचा त्यांच्याशी संबंध नाही. तिथूनच कळलं की आपल्याला हवाय तो 'नॉन-थिएट्रिकल' हक्क, म्हणजे चित्रपटगृहाबाहेर जमलेल्या प्रेक्षकांना दाखवण्याचा. पहिल्या पत्रातच हा शब्द लिहा, निम्मी टोलवाटोलवी वाचते.

मग एका वितरण कंपनीचं नाव मिळालं. फोनवरचे गृहस्थ गोड बोलायचे. "ताई, फॉर्म भरा, होऊन जाईल." फॉर्म आला तो चित्रपटगृहांचा. पडदे किती, आसनं किती, रोजचे खेळ किती, आणि तारांकित रकाना: चित्रपटगृहाचा कोड. तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नव्हता. 'लागू नाही' लिहिलं तर आकडेच भरा म्हणायचा. फोन केला की उत्तर ठरलेलं: "फॉर्म भरलात का?" शाळेचं सभागृह, एक खेळ, प्रवेशमूल्य नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं असावं. पुढे चौकशी केल्यावर समजलं की त्यांचा करार एका ठरावीक मुदतीचा होता आणि ती उलटून गेली होती. ज्या हक्काचा फॉर्म मी भरत होते, तो त्यांच्याकडे नव्हताच! इतके दिवस हे कुणीच बघितलं नाही, याचाच राग अजून जात नाही.

म्हणून सांगते, कंपन्यांपासून सुरुवात करू नका. चित्रपट सुरू होताना पडद्यावर जे प्रमाणपत्र दिसतं तिथे थांबवा आणि फोटो काढा. त्यावर अर्जदाराचं आणि निर्मात्याचं नाव असतं. आमच्या चित्रपटाचे निर्माते हयात नव्हते, पण त्या नावावरून त्यांच्या मुलीपर्यंत पोहोचता आलं. वडिलांनी केलेले करार त्यांनी जपून ठेवले होते. त्यात व्हिडिओचे, दूरचित्रवाणीचे आणि ठरावीक वर्षांसाठी वितरणाचे हक्क दिले होते. नॉन-थिएट्रिकल कुणालाच विकलेला नव्हता, म्हणजे तो घरातच होता. करारात जे दिलं नाही ते मूळ मालकाकडेच राहतं, हे मला त्या दुपारी कागदांवर बोट ठेवून समजलं.

त्यांनी फोनवर लगेच "दाखवा हो" म्हटलं. मी तरीही पत्र मागितलं, कारण कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. पत्राचा मसुदा मीच करून पाठवला. चित्रपटाचं नाव, तारीख, स्थळ, अंदाजे किती प्रेक्षक, एकच खेळ, प्रवेशमूल्य नाही, कुठल्या प्रतीवरून दाखवणार, आणि त्या हक्काच्या मालक कशा झाल्या त्याची एक ओळ. ही शेवटची ओळ विसरू नका. ती नसेल तर सही कुणाची आहे हे पत्रावरून कळतच नाही.

देणगीपेटी ठेवायची असली तर तसं पत्रात आधीच लिहा. आम्ही वाचनालयासाठी ठेवणार होतो, शेवटी काढून टाकली. 'प्रवेशमूल्य नाही' लिहून दाराशी पेटी ठेवणं मला पटेना.

मैदानावर खेळ करायचा असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. आम्ही सभागृहातच केलं.

एवढं सगळं टाळायचं असेल तर जुना चित्रपट निवडा. चित्रपटाचं कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतं, म्हणजे १९६४ साली आलेला चित्रपट १ जानेवारी २०२५ला मोकळा झाला. मात्र गाणी आणि कथा यांची मुदत लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर मोजतात, शिवाय उपशीर्षकं कुणी अलीकडे केली असतील तर ती त्यांची. तेवढं बघा.

आणि कुणी म्हणेल, "माझ्या मोबाइलवर अ‍ॅप आहे, लावून टाकू." सदस्यत्व बहुतेक वेळा घरगुती, खासगी वापरापुरतंच असतं. नेटफ्लिक्स स्वतःच्या काही माहितीपटांना एकदाच शैक्षणिक खेळ करायची मुभा देतं. ती त्या माहितीपटाच्या माहितीपानावर लिहिलेली असते, तिथे दिसली नाही तर नाही.

खेळ झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा दाखवा म्हणून मागे लागायला सुरुवात केली. आमचं पत्र एकाच खेळाचं होतं, त्यामुळे नवीन मागावं लागलं. या वेळी मी 'या शैक्षणिक वर्षात, याच सभागृहात' असं लिहून पाठवलं, आणि निर्मात्यांच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी सही करून दिलं.